नकार लेखी द्या

मुंबई, ठाणे किंवा पुण्यात भाड्याने घर शोधणाऱ्याला एजंट आधी बजेट विचारतो आणि पाठोपाठ आडनाव विचारतो. आडनावावरून अंदाज आला नाही तर ‘गाव कुठलं?’, ‘व्हेज की नॉनव्हेज?’ हे प्रश्न येतात. तरीही कधी कधी गोष्ट पुढे सरकते. घर पाहून होते, मालकाशी भाडे ठरते, टोकनची रक्कम दिली जाते. मग दोन दिवसांनी एजंटचा फोन येतो: ‘मालकाचं काही नाही हो, पण कमिटी नाही म्हणते. तुमच्या लोकांना देत नाहीत तिथे.’

या वाक्यात नकार आहे, पण नकार देणारा माणूस सापडत नाही. मालक कमिटीकडे बोट दाखवतो. सचिव म्हणतो, मेंबर लोकांची हरकत आहे. मेंबर लोकांना विचारावे तर त्यांच्यासमोर हा विषय कधी आलेलाच नसतो. कुठे कागद नाही, ठराव नाही, सही नाही. ज्याला घर नाकारले गेले, त्याच्या हाती फक्त फोनवर ऐकलेला एक शब्द राहतो. हा सगळा व्यवहार तोंडी राहतो म्हणूनच बिनबोभाट चालतो. त्यामुळे धर्म किंवा जात पाहून घर नाकारल्याचा निषेध करणारे पत्र सोसायटीच्या कमिटीला लिहायचे, तर त्या पत्राचे पहिले काम हा तोंडी नकार कागदावर आणण्याचे आहे. असे पत्र कसे असावे, कायद्याचा त्याला कुठे आधार आहे आणि कुठे नाही, हे नीट समजून घेणे भाडेकरूच्या आणि घरमालकाच्याही उपयोगाचे आहे.

हा केवळ कुणाच्या हळवेपणाचा प्रश्न नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांबाबत एक पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाले. घरासाठी फोन करणाऱ्या उच्चवर्णीय हिंदू नावाच्या माणसांना थेट नकार मिळाला नाही. दलित नावे सांगणाऱ्या सुमारे १८ टक्के आणि मुस्लिम नावे सांगणाऱ्या सुमारे ३१ टक्के लोकांना मात्र साफ नकार मिळाला. काहींना होकार मिळाला तोही वेगळ्या अटींवर. आपल्याकडे २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मुलुंडच्या एका सोसायटीत मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला. तो रास्तच होता. पण ज्या सोसायट्यांमध्ये तो संताप व्यक्त झाला, त्यांतल्या किती ठिकाणी खान किंवा कांबळे आडनावाच्या कुटुंबाला घर मिळते, हा प्रश्न त्या वेळी फारसा कुणी विचारला नाही.

आता मूळ प्रश्न. भाडेकरू कोण असावा हे ठरवण्याचा अधिकार कमिटीला आहे का? महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि आपापल्या नोंदणीकृत उपविधींप्रमाणे चालतात. उपविधी म्हणजे ज्याला आपण बोलताना ‘बायलॉज’ म्हणतो ते. बहुतेक संस्थांनी सहकार खात्याचे आदर्श उपविधी स्वीकारलेले आहेत. २०१४ च्या आदर्श उपविधींमधला ४३ वा उपविधी सभासदाने आपले घर पोटभाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सने देण्याविषयी आहे. त्यानुसार सभासदाने आठ दिवस आधी संस्थेला कळवायचे असते, कराराची प्रत द्यायची असते आणि जवळच्या पोलीस ठाण्याला दिलेल्या माहितीची प्रतही द्यायची असते. कळवायचे असते, विचारायचे नसते. संस्थेला या व्यवहारातून बिनभोगवटा शुल्क घेता येते. तेही १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. भाडेकरूचा धर्म, जात, भाषा किंवा ताटातले अन्न तपासण्याचे काम उपविधीने कमिटीकडे सोपवलेलेच नाही.

एक अडचण मात्र लक्षात ठेवायची. जुन्या आदर्श उपविधींमध्ये घर भाड्याने देण्यासाठी संस्थेची परवानगी घेण्याची तरतूद होती, आणि काही संस्थांनी नवे उपविधी अजून स्वीकारलेले नाहीत. म्हणून पत्र लिहिण्याआधी त्या सोसायटीचे उपविधी कोणत्या सालचे आहेत हे पाहावे. मालक सभासद असल्याने तो संस्थेकडे प्रत मागू शकतो. सहकारी संस्था सहसा थेट माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाहीत, पण उपनिबंधकाचे कार्यालय येते, आणि संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींची प्रत तिथे असते. संस्था जुन्या उपविधींवर चालत असेल तर पत्रातली भाषा थोडी बदलते: ‘परवानगीची गरज नाही’ याऐवजी ‘परवानगी नाकारण्याचे लेखी कारण द्या’ असे म्हणावे लागते. भाडेकरूच्या धर्माचे कारण कागदावर लिहून खाली सही करायला सहसा कुणी धजत नाही.

एक उदाहरण घेऊ. ते रचलेले आहे, पण त्यातला प्रत्येक टप्पा रोजच्या व्यवहारातला आहे. सोलापूरहून ठाण्यात बदली होऊन आलेली एक मुस्लिम शिक्षिका, तिचा नवरा आणि शाळेत जाणारी मुलगी. दोन खोल्यांचा फ्लॅट, भाडे महिना २८ हजार, डिपॉझिट एक लाख, टोकन पाच हजार. मालक पुण्यात राहतो. त्याला कुटुंब पसंत आहे. त्याने टोकन घेतले आणि सचिवांना फोन केला, ‘जरा विचारून घेतो’ म्हणून. घोटाळा नेमका इथे होतो. जे कळवायचे होते ते विचारले गेले, आणि विचारल्यावर उत्तर द्यायचा अधिकार असल्यासारखे सचिवांनी उत्तर दिले.

खरा क्रम वेगळा आहे. आधी लिव्ह अँड लायसन्सचा करार करून नोंदवायचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. या नोंदणीसाठी सोसायटीचे ना हरकत पत्र लागत नाही. मग मालकाने पोलिसांकडे भाडेकरूची माहिती नोंदवायची. त्यानंतर दोन्ही प्रती जोडून, राहायला येण्याच्या किमान आठ दिवस आधी, संस्थेला लेखी कळवायचे. या क्रमाने गेले तर कमिटीसमोर प्रश्न येत नाही, माहिती येते. करार होण्याआधी नुसते टोकन दिलेल्या भाडेकरूचा त्या घरावर काही हक्क तयार झालेला नसतो. मालकाने माघार घेतली तर टोकन परत मागण्यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही राहत नाही. म्हणूनच भाडेकरूच्या पत्रामागे मालक उभा असणे महत्त्वाचे आहे.

आपल्या शिक्षिकेच्या बाबतीत मालक उभा राहायला तयार आहे, असे धरू. एजंटचा फोन आल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती ही, की त्याला लगेच मेसेज पाठवला: ‘आत्ता फोनवर तुम्ही सांगितलंत की आम्ही मुस्लिम असल्यामुळे कमिटीने नकार दिला. हे कमिटीतल्या कुणी सांगितलं?’ एजंटने उत्तर दिले: ‘सेक्रेटरी साहेब बोलले. माझा नाइलाज आहे.’ पुढच्या सगळ्या कागदांना या दोन ओळींचा आधार आहे. मग तिने पत्र लिहिले.

प्रति,
मा. सचिव,
... सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, ठाणे

विषय: बी-४०३ ही सदनिका भाड्याने देण्यास संस्थेने घेतलेल्या हरकतीबाबत

महोदय,

आपल्या संस्थेतील बी-४०३ ही सदनिका लिव्ह अँड लायसन्स तत्त्वावर आम्हाला देण्याचे सदनिकेच्या मालकांनी ठरवले आहे. भाडे, अनामत रक्कम आणि मुदत ठरली असून आम्ही टोकनची रक्कमही दिली आहे. दिनांक ... रोजी सायंकाळी एजंटने मला फोन करून सांगितले की, आम्ही मुस्लिम असल्यामुळे संस्थेच्या समितीने आम्हाला सदनिका देण्यास नकार दिला आहे. हे आपण सांगितल्याचे त्यांनी त्याच दिवशी मेसेजमध्ये लिहिले. त्या मेसेजची प्रत सोबत जोडली आहे.

धर्माच्या कारणावरून घर नाकारले जाणे हा माझा आणि माझ्या कुटुंबाचा अपमान आहे. मी त्याचा निषेध करते.

संस्थेच्या उपविधी क्रमांक ४३ प्रमाणे सदनिका भाड्याने देताना सभासदाने संस्थेला आठ दिवस आधी कळवायचे आहे. भाडेकरूचा धर्म पाहून संमती देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार या उपविधीने समितीला दिलेला नाही. म्हणून मी आपल्याला पुढील गोष्टी विचारत आहे. आम्हाला सदनिका देऊ नये असा निर्णय समितीने घेतला आहे काय? घेतला असल्यास तो कोणत्या तारखेच्या सभेत, कोणत्या ठरावाने घेतला? त्या ठरावाला कोणत्या उपविधीचा आधार आहे? त्याचे कारण काय? असा निर्णय झालेला नसल्यास, आमच्या राहायला येण्यास संस्थेची हरकत नाही, असे आपण सदनिकेच्या मालकांना लेखी कळवावे.

या पत्राचे उत्तर दिनांक ... पर्यंत मिळावे. त्या तारखेपर्यंत उत्तर न आल्यास हा विषय मी उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे नेईन.

आपली,
(सही)

प्रत माहितीसाठी: सदनिकेचे मालक, उपनिबंधक, सहकारी संस्था

पत्र एवढेच आहे, आणि ते एका पानात मावते. पण त्यात जे लिहिलेले नाही त्याकडेही पाहिले पाहिजे. आपण वर्षानुवर्षे कुठल्या शाळेत शिकवतो, नवरा कुठे नोकरी करतो, घरात मांसाहार होतो की नाही, आधीचे घरमालक आपल्याबद्दल किती चांगले बोलतात, यातले तिने काहीही लिहिले नाही. घर नाकारल्यावर माणूस सहज अशा गोष्टी लिहायला बसतो. ‘आम्ही तसे नाही’ हे सांगावेसे वाटते. पण ज्या क्षणी भाडेकरू आपल्या चांगुलपणाचे दाखले देऊ लागतो, त्या क्षणी समितीला परीक्षक मानून मोकळा होतो. मग चर्चा तिच्या घरातल्या जेवणावर, पाहुण्यांवर, सणांवर जाते, आणि समितीला अधिकार आहे का हा प्रश्न बाजूला पडतो. अशा पत्राचा मसुदा पाहताना मी आधी हाच भाग खोडायला सांगेन.

दुसरी वगळलेली गोष्ट वाचकांना जास्त खटकेल. पत्रात संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाचा उल्लेख नाही. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून भेदभाव करू नये असे हा अनुच्छेद सांगतो, आणि त्याचा आधार घ्यावा असे कुणालाही वाटेल. पण त्याचे मुख्य बंधन राज्यसंस्थेवर आहे. त्याचा दुसरा भाग दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते अशा सार्वजनिक ठिकाणांबद्दल बोलतो. त्या यादीत राहते घर नाही. सोसायटीच्या वकिलाला हे ठाऊक असते. पत्रात संविधानावर भर दिला की तो नेमका तोच धागा पकडतो, आणि खरा मजबूत मुद्दा, म्हणजे समितीला असा अधिकारच नाही हा, मागे राहतो. झालेला अपमान मोठा आहे. पण पत्रात जिंकणारा मुद्दा कोरडा, उपविधीच्या क्रमांकाचा आहे. दोन्ही एकाच पत्रात असू द्यावेत; निषेध एका वाक्यात, स्पष्ट, आणि बाकी जागा प्रश्नांना.

पत्र संस्थेच्या कार्यालयात द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि सही घ्यावी. यालाच पोच म्हणतात, आणि पोच नसलेले पत्र दिलेच नाही असे म्हणणे समितीला सोपे जाते. सचिवांनी पत्र घ्यायला नकार दिला तर वॉचमनच्या हाती देऊन येऊ नये. स्पीड पोस्टाने, पोच मागवून पाठवावे, आणि संस्थेचा ईमेल असेल तर त्यावरही. त्याच सुमारास मालकाचे वेगळे पत्र जायला हवे. ते भाडेकरूच्या पत्रापेक्षा महत्त्वाचे आहे, कारण सभासद तो आहे. ‘मी अमुक कुटुंबाला घर देत आहे, करार आणि पोलीस माहितीची प्रत सोबत आहे, अमुक तारखेपासून ते राहायला येतील’ एवढे तीन ओळींचे पत्र पुरते. समितीच्या सभांची इतिवृत्ते पाहण्याचा आणि त्यांची प्रत मागण्याचा हक्कही सभासदाला आहे, भाडेकरूला नाही. मालकाने इतिवृत्त मागितले की बहुधा उघड होते की असा ठराव कधी झालाच नव्हता.

कधी कधी ठराव खरोखर झालेला असतो. सर्वसाधारण सभेत हात वर करून ‘अमुक समाजाला घर द्यायचे नाही’ असे ठरलेले असते आणि सचिव ते अभिमानाने दाखवतात. अशा ठरावाने उपविधी बदलत नाही. उपविधीत दुरुस्ती करायची तर सर्वसाधारण सभेचे दोन तृतीयांश मत लागते आणि सहकार खात्याच्या निबंधकाकडे ती दुरुस्ती नोंदवावी लागते. नोंदणी होईपर्यंत तिला अर्थ नाही. उपविधीच्या विरुद्ध जाणारा ठराव दाखवून कुणाला घराबाहेर ठेवता येत नाही.

उत्तर आले नाही तर पुढची पायरी उपनिबंधकाच्या कार्यालयाची. मुंबईत ही कार्यालये महापालिकेच्या वॉर्डांप्रमाणे आहेत, इतरत्र बहुधा तालुक्याप्रमाणे. तक्रार मालकाने केली तर उत्तम. दोघांनी सही केली तर अधिक चांगले. जोडायचे कागद असे: दोन्ही पत्रांच्या पोच घेतलेल्या प्रती, करार, पोलीस माहितीची पावती, एजंटचा मेसेज आणि उपविधीचे ते पान. उपनिबंधक संस्थेकडून खुलासा मागवतो. समितीचा सदस्य कायदा व उपविधी सतत धुडकावत असेल तर सहकार अधिनियमाच्या कलम ७८अ प्रमाणे त्याच्यावर कारवाई होऊ शकते. वाद मोठा असेल तर कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाता येते. तिथे सभासदाबरोबरच सभासदाच्या मार्फत हक्क सांगणाऱ्या व्यक्तीचाही उल्लेख कायद्यात आहे. त्यामुळे नोंदणीकृत करार हातात असलेला भाडेकरू अगदीच परका ठरत नाही. पण न्यायालयाला वेळ लागतो आणि घर या महिन्यात हवे असते. बहुतेक भाडेकरू त्याआधीच दुसरीकडे जातात.

कधी समिती कागदावर काहीच करत नाही आणि सामानाचा टेम्पो गेटवर अडवते. वॉचमन म्हणतो, वरून ऑर्डर आहे. इथे प्रकरण सहकार खात्याचे राहत नाही. नोंदणीकृत करार असलेल्या माणसाला त्याच्या घरी जाण्यापासून रोखणे म्हणजे बेकायदा अडवणूक. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली तो गुन्हा आहे. अशा वेळी हुज्जत घालू नये. करार हातात ठेवून ११२ वर फोन करावा आणि कोणी, कोणत्या वेळी अडवले ते लिहून ठेवावे.

दलित किंवा आदिवासी भाडेकरूच्या बाबतीत पत्र वेगळे लिहावे लागते, कारण कायद्याची ताकद वेगळी आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहती जागा बांधण्यास, घेण्यास किंवा तिथे राहण्यास मज्जाव करणे हा गुन्हा म्हटला आहे. त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत झाले असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीला सिद्ध करावे लागते. १९९० पासून नवबौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. म्हणजे इथे पत्राची एक प्रत पोलीस ठाण्यालाही गेली पाहिजे, आणि त्यात या दोन कलमांचा उल्लेख असला पाहिजे. मुस्लिम किंवा ख्रिस्ती भाडेकरूला धर्मावरून घर नाकारले तर त्याच्यासाठी असा फौजदारी कायदा नाही. हे अन्यायाचे आहे, आणि ते स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

आणखी एक मर्यादा सांगितल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. आपल्याकडची सहकारी गृहनिर्माण चळवळ मुळात समाजाच्या आधारावरच उभी राहिली. श्रीपाद सुब्राव तळमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था सुरू झाली. ती देशातल्या अगदी पहिल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी एक. कानडा भागातून आलेल्या, शहरात पाय रोवू पाहणाऱ्या माणसांनी एकमेकांना धरून राहावे, हा तिचा हेतू होता, आणि त्या काळात तो समजण्यासारखा होता. पण आधारासाठी काढलेली रेषा पुढे दुसऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी वापरता येते. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने आपल्या नोंदणीकृत उपविधीत सभासदत्व फक्त पारशांना असेल असे लिहिले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००५ मध्ये न्यायालयाने तो उपविधी वैध ठरवला. उपविधी म्हणजे सभासदांनी आपसात केलेला करार, कायद्याने मनाई केली नसेल तर तो चालेल, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

या निकालाचा हवाला देऊन अनेक कमिट्या ‘आम्हाला अधिकार आहे’ म्हणतात. तो हवाला इथे लागू होत नाही. तो निकाल नोंदणीकृत उपविधीत लिहिलेल्या अटीबद्दल आणि सभासदत्वाबद्दल होता. ज्या सोसायटीच्या उपविधीत अशी ओळच नाही, तिने सचिवाच्या तोंडी इच्छेला त्या निकालाचा आधार देणे चुकीचे आहे. आणि आदर्श उपविधींवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये अशी ओळ नसते. घर विकत घेणाऱ्यासाठी सहकार अधिनियमाचे कलम २३ आहेच. पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारू नये, असे ते सांगते.

मात्र मालकालाच त्या समाजाचा भाडेकरू नको असेल तर या पत्राने काही साधत नाही. आपले घर कोणाला द्यायचे हे मालक ठरवतो, आणि जातीय अस्पृश्यतेचा प्रश्न सोडला तर आजच्या कायद्यात त्याला रोखणारे फारसे काही नाही. म्हणून पत्र लिहिण्याआधी भाडेकरूने मालकाला एकच प्रश्न विचारावा: तुम्हाला आम्ही चालतो का, हो किंवा नाही? कित्येक मालक कमिटीच्या आडून स्वतःचाच नकार कळवतात. मालक ‘हो’ म्हणाला तर त्याला लिहून द्यायला सांगावे. नाही म्हणाला तर टोकन परत घ्यावे आणि वेळ वाया घालवू नये. ‘हो’ म्हणून मग कचरणारे मालकही असतात. त्यांना उद्या पार्किंगवरून किंवा गळतीच्या दुरुस्तीवरून कमिटी त्रास देईल ही भीती असते, आणि ती अगदीच खोटी नसते. त्यांना एवढेच सांगता येते की उपनिबंधकाकडे एकदा नोंद झालेल्या सभासदाला पुढे असा त्रास देताना समिती दहा वेळा विचार करते.

आपल्या शिक्षिकेला बी-४०३ मिळेल का? मालक ठाम राहिला तर बऱ्यापैकी शक्यता आहे, कारण ज्या नकाराला ठराव नाही त्यावर लेखी उत्तर देण्याची वेळ आली की कमिटी सहसा ‘गैरसमज झाला’ असे म्हणते. मालक डगमगला तर मिळणार नाही, आणि ते कुटुंब दुसऱ्या भागात, बहुधा आपल्याच समाजाच्या वस्तीत, थोडे जास्त भाडे देऊन राहील. तरीही पोच घेतलेले ते पत्र सोसायटीच्या दप्तरात राहते. पुढच्या वेळी कुणी तोंडी नकार दिला तर तो पहिला नसतो, आणि उपनिबंधकासमोर तेही सांगता येते.

भाडेकरूने पत्र लिहावे, पण ही जबाबदारी एकट्या त्याची नाही. संस्थेच्या नावाने कोण बोलते, हे ठरवण्याचा हक्क सभासदांना आहे. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तुमच्या सोसायटीची सभा होईल तेव्हा उभे राहून सचिवांना विचारा, की गेल्या वर्षी भाडेकरूंना कमिटीने कधी नकार दिला का, कोणत्या उपविधीखाली दिला. आणि तुमचा प्रश्न व त्यांचे उत्तर दोन्ही इतिवृत्तात लिहून घ्या.